फोटोतल्या आकाशात तारे पेरताना

निरभ्र रात्रीच्या फोटोत ब्रशने पांढरे ठिपके मारले की आकाशाऐवजी सांडलेली रांगोळी दिसते. कारण सगळे ठिपके सारखेच ठळक असतात. खऱ्या आकाशात एक प्रत खाली उतरलं की तारा सुमारे अडीच पट मंद होतो, पण ताऱ्यांची संख्या साधारण तिप्पट होते.

हेच गणित वापरा. पाच लेयर घ्या आणि त्यांत अनुक्रमे ३, ९, २७, ८१ आणि २४३ तारे टाका. पडद्यावरचे आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात, त्यामुळे अडीच पट मंद म्हणजे आकडा साधारण दीडपट कमी: २५५, १६८, ११०, ७३, ४८. लेयरचा मोड स्क्रीन ठेवा. जागा मात्र हाताने ठरवू नका. आपला हात नकळत समान अंतर राखतो, आणि खोटेपणा तिथेच उघडा पडतो.

आता रंग. मृग नक्षत्रातला काक्षी नारिंगी, तर राजन्य निळसर पांढरा. हिरवा तारा मात्र दिसत नाही. तेजस्वी तारा कॅमेऱ्यात मधोमध पांढराच उमटतो, रंग उरतो तो कडेच्या पुसट वलयात. म्हणून ठिपका किंचित ब्लर करून रंग फक्त त्या वलयाला द्या, तोही फिकाच.

क्षितिजाजवळ तारे विरळ करा. आणि फोटोत चंद्रकोर असेल, तर तिच्या काळ्या भागात एकही तारा नको. तिथेही चंद्रच असतो.