मिठाच्या पाण्यावर तरंगणारी अंडी

शौचाच्या तपासणीचा रिपोर्ट ‘काही आढळले नाही’ असा आला की आपण निर्धास्त होतो. पण तपासलं किती, हे कुणी विचारत नाही. साध्या तपासणीत काडीच्या टोकावर मावेल इतकी विष्ठा थेंबभर सलाइनमध्ये कालवून मायक्रोस्कोपखाली ठेवतात. ती भरते जेमतेम 2 मिलिग्रॅम.

आता हिशेब करू. रुग्णाच्या आतड्यात अंकुशकृमीच्या 5 माद्या आहेत आणि प्रत्येक मादी रोज 6,000 अंडी घालते असं धरा. दिवसाच्या 200 ग्रॅम विष्ठेत 30,000 अंडी, म्हणजे ग्रॅमला 150. मग 2 मिलिग्रॅममध्ये सरासरी 0.3! तीन स्लाइडी पाहिल्या तर कुठे एखादं अंडं दिसणार.

यावर उपाय म्हणजे जास्त विष्ठा घेऊन त्यातली अंडी एका जागी गोळा करणं. अंकुशकृमीसाठी मिठाचं पाणी पुरतं. गरम पाण्यात मीठ विरघळेनासं होईपर्यंत घालायचं आणि निवू द्यायचं. हे द्रावण पाण्याच्या सुमारे 1.2 पट जड होतं, अंडं त्याहून हलकं. छोट्या बाटलीत ग्रॅमभर विष्ठा या पाण्यात कालवून बाटली काठोकाठ, वर फुगवटा येईपर्यंत भरायची. त्यावर काचेची स्लाइड अलगद टेकवायची. मध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर पुन्हा भरावं लागतं. साधारण 20 मिनिटांनी स्लाइड सरळ वर उचलून झटकन उलटी करायची. स्लाइडला चिकटलेल्या थेंबात पातळ कवचाची, लंबगोल अंडी दिसतात. चहाला जाऊन तासाभराने आलात तर खारट पाण्यात अंडी आकसतात आणि पुन्हा तळाला जातात.

मात्र सगळंच तरंगत नाही. जंताची अफलित अंडी आणि पट्टकृमीची अंडी बुडतात; जिआर्डियाच्या सिस्ट मिठाने चुरगळतात. म्हणून अनेक प्रयोगशाळा उलट वाटेने जातात. ग्रॅमभर विष्ठा 7 मिलिलिटर फॉर्मालिनमध्ये कालवून गाळतात, त्यात 3 मिलिलिटर ईथर घालून जोरात हलवतात आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. चरबी वर ईथरमध्ये जाते, त्याखाली चोथ्याचं बूच बसतं, मग फॉर्मालिन आणि तळाशी अंडी-सिस्टचा गाळ. काडीने बूच सोडवून वरचं सगळं एका झटक्यात ओतून टाकायचं. हात रेंगाळला की चोथा गाळात मिसळतो. गाळात आयोडीनचा थेंब घातला की सिस्टमधली केंद्रकं दिसू लागतात. ईथर भुर्रकन पेट घेतं, म्हणून आता बरेच जण त्याऐवजी इथाइल ॲसिटेट वापरतात.

अमिबाचं हलतं रूप यात सापडणार नाही. फॉर्मालिन ते मारून टाकतं. त्यासाठी ताजा, शक्यतो अर्ध्या तासातला नमुना आणि तीच साधी स्लाइड लागते. अशक्तपणा किंवा जुलाब थांबत नसतील आणि रिपोर्ट मात्र कोरा असेल, तर ‘कॉन्सन्ट्रेशन केलं होतं का?’ असं प्रयोगशाळेत विचारा, आणि एका नमुन्यावर न थांबता दिवसाआड तीन नमुने द्या.