बँकेतले दोन लाख कुणाचे?

परळच्या कबड्डी संघाची वार्षिक सर्वसाधारण सभा मैदानाकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये चालू आहे. सराव आटोपून आलेली पोरं मागे दाटीवाटीने बसली आहेत, जुने खेळाडू पुढच्या खुर्च्यांवर. ३१ मार्चअखेरचा ताळेबंद हातोहात वाटला गेला आहे आणि बहुतेकांनी त्याने वारा घ्यायला सुरुवात केली आहे.

खजिनदारताई उभ्या राहतात. "कागद बाजूला ठेवा. ३१ मार्चला बँकेत २ लाख १० हजार होते. त्यातले आपले किती?"

"सगळे!" मागून एकजण ओरडतो. "मॅट घेऊन टाकू."

ताई फळ्यावर २,१०,००० लिहितात. "उन्हाळी शिबिराची आगाऊ फी, ४८ मुलांचे दीड-दीड हजार. मार्चमध्ये जमा झाली, शिबिर मेमध्ये. शिबिर रद्द झालं तर?"

"परत द्यावी लागेल," तोच मुलगा म्हणतो.

७२ हजार वजा होतात. मग माजी खेळाडूने फक्त मॅटसाठी दिलेले ८० हजार. मग फेब्रुवारीतल्या स्पर्धेच्या मांडवाचे ३६ हजार.

इथे पुढच्या रांगेतले अण्णा थांबवतात. "ते बिल आपण एप्रिलात दिलं. मागच्या वर्षात कसं धरलंस?"

"अण्णा, मांडव फेब्रुवारीत उभा होता. खेळलो त्या वर्षाचाच खर्च. तो धरला नाही तर स्पर्धेत नफा झालेला दिसेल, आणि पुढच्या वर्षी आपण त्याहून मोठा मांडव घालू."

अण्णा मान डोलावतात. माझ्या मते सभेतला सर्वांत मोलाचा प्रश्न हाच. पासबुकात पैसे कधी गेले ते दिसतं. खर्च कोणत्या वर्षाचा ते दिसत नाही.

फळ्यावर उरतात २२ हजार. प्रशिक्षकांचं मानधन, वीजबिल आणि मैदानाची देखभाल मिळून महिन्याला ११ हजार लागतात. भागाकार कुणी सांगत नाही, पण वारा घेणारे कागद थांबले आहेत.

"आता ताळेबंदाची डावी बाजू बघा," ताई म्हणतात. "उजवीकडे काय आहे ते, डावीकडे ते कुणाचं आहे ते."

मी शेजारच्या मुलाच्या कागदात डोकावतो. तो बोटाने एकेक ओळ शोधतोय: मॅट निधी, आगाऊ फी, मांडवाचं देणं. फळ्यावरचे तिन्ही आकडे तिथे छापलेले आहेत.

"ताई, मॅटच्या पैशातून दोन महिने भागवलं तर? नंतर भरून टाकू."

"नाही. देणगीदाराने ज्या कामासाठी दिले, त्याच कामाला वापरायचे. पावतीवरही तसंच लिहून दिलंय आपण."

अण्णा हात वर करतात. मॅटचे ८० हजार आजच्या आज वेगळ्या मुदत ठेवीत टाकावेत, अशी ते सूचना मांडतात. अनुमोदन मागच्या रांगेतून येतं, मघाशी "सगळे!" म्हणून ओरडलेल्या मुलाचं.