तिचा राग इतका का येतो?

ऑफिसमधली एक बाई सहा वाजले की पर्स उचलून निघते. बाकीच्यांना त्याचं फारसं काही वाटत नाही. पण शेजारच्या टेबलावरची, कुणालाही नाही न म्हणणारी सहकारी घरी पोचल्यावरही धुमसत असते: "किती स्वार्थी आहे ही!"

स्विस मनोवैज्ञानिक कार्ल युंग अशा ठिकाणी 'छाया' शोधत असे. लहानपणी 'शहाणी मुलगी' होताना स्वतःची सोय बघणं, नकार देणं हे सगळं तिने स्वतःतून हद्दपार केलं. ते नाहीसं होत नाही, नजरेआड जातं आणि मग समोरच्या माणसावर आरोपित होऊन दिसतं. १९५१ च्या 'आयॉन' या ग्रंथात युंग सांगतो की हे आरोपण ओळखणं फार कठीण असतं, कारण भावनेचं मूळ समोरच्या माणसातच आहे, अशी आपली पक्की खात्री असते.

खूण एकच, पण भरवशाची: रागाचं माप घटनेशी जुळत नाही आणि तो दिवसभर सरत नाही. अर्थात प्रत्येक नावड म्हणजे छाया नव्हे. सहकारी खरोखरच आपलं काम दुसऱ्यावर ढकलत असेल, तर तक्रार रास्तच आहे. बऱ्याचदा दोन्ही एकत्र असतं. समोरच्याचा लहानसा दोष आपल्या आरोपणाला खुंटीसारखा उपयोगी पडतो.

छाया ओळखणं म्हणजे उद्यापासून स्वार्थी होणं नव्हे. मला वाटतं, "आज मला जमणार नाही" एवढं तिला एकदा म्हणता आलं, तरी शेजारणीवरचा राग बराच उतरेल.