तीस सेंटीमीटरवरची ऊब

तांब्याचा एक लांबच लांब, बारीक दांडा आहे. त्याचा मधला एक सेंटीमीटरचा तुकडा बाकीच्या दांड्यापेक्षा १०० अंश सेल्सिअसने जास्त तापवला आणि मग ज्योत काढून घेतली. बाजूंनी उष्णता निसटू नये म्हणून दांडा नीट गुंडाळलेला आहे. मध्यापासून ३० सेंटीमीटरवर तापमापक लावला, तर त्याचा पारा सर्वांत वर कधी जाईल आणि किती?

हा प्रश्न सोडवण्याची रीत जोसेफ फूरिये यांनी घालून दिली. ते फ्रान्समध्ये ग्रेनोबलला प्रशासक होते आणि कारभारातून वेळ काढून उष्णतेवर काम करत. मर्यादित आकाराच्या वस्तूंचा विचार त्यांनी १८०७च्या निबंधात केला. अनंत लांबीचा दांडा आला तो १८११च्या निबंधात. त्याला पॅरिसच्या विद्वत्सभेने बक्षीस दिले, पण मांडणी काटेकोर नाही असा शेराही मारला.

उष्णतेचा नियम साधा आहे. दांड्यावरचा एखादा बिंदू शेजाऱ्यांच्या सरासरीपेक्षा गरम असेल तर तो निवतो, थंड असेल तर तापतो. फरक जितका मोठा तितकी घाई जास्त. अडचण अशी, की शेजाऱ्यांचेही तापमान त्याच वेळी बदलत असते. सगळेच एकमेकांवर अवलंबून असल्यामुळे हिशेब कुठून सुरू करावा हेच कळत नाही.

फूरियेंनी बिंदूंचा नाद सोडला. तापमानाचा आलेख हा लहानमोठ्या लांबीच्या लाटांची बेरीज आहे असे मानले, की गुंता सुटतो, कारण प्रत्येक लाट आपला आकार न बदलता नुसती खाली बसते आणि दुसरीशी तिचा काही संबंध राहत नाही. ठरावीक लांबीत लाटा जितक्या दाट, तितकी त्यांची वारंवारता जास्त. वारंवारता दुप्पट झाली तर लाट चौपट वेगाने विरते. तांब्यात एक मीटर लांबीची लाट सुमारे चार मिनिटांत मूळ उंचीच्या जेमतेम ३७ टक्क्यांवर येते. दहा सेंटीमीटरच्या लाटेला तेवढे विरायला सव्वादोन सेकंद पुरतात. मर्यादित दांड्यात ठरावीक लांबीच्याच लाटा मावतात. अनंत दांड्यात कुठलीही लांबी चालते, म्हणून तिथे बेरजेच्या जागी संकलन येते. आलेखाचे असे लाटांमध्ये विघटन करण्यालाच फूरिये रूपांतर म्हणतात.

आता आपला तापलेला तुकडा. तो इतका आखूड आहे, की त्यात लांब लाटांपासून बऱ्याच आखूड लाटांपर्यंत सगळ्या जवळजवळ सारख्याच प्रमाणात असतात. t इतका वेळ गेल्यावर ω वारंवारतेची लाट e^(−kω²t) पट उरते. तांब्यासाठी k सुमारे १.१ चौरस सेंटीमीटर प्रतिसेकंद धरावा. वारंवारतेनुसार उरलेल्या लाटांचा आलेख काढला तर तो घंटेच्या आकाराचा दिसतो. हाच गाउसियन वक्र. गाउसियनची गंमत अशी, की लाटा पुन्हा एकत्र करून तापमानाकडे परतले तरी हाती गाउसियनच येतो, फक्त तिकडे तो जितका अरुंद तितका इकडे पसरट. दांड्यावरची घंटा रुंदावते ती आखूड लाटा आधी मरतात म्हणून.

u(x,t) = Q / √(4πkt) · e^(−x²/4kt)

यात Q म्हणजे १०० अंश गुणिले एक सेंटीमीटर. एका सेकंदाने मध्यभागी सुमारे २६ अंशांची वाढ उरते. शंभर सेकंदांनी उरते २.७. वेळ शंभरपट झाला, पण उंची दहावा हिस्सा झाली आणि रुंदी दहापट. वक्राखालचे क्षेत्रफळ, म्हणजे एकूण उष्णता, जसेच्या तसे.

तीस सेंटीमीटरवर सर्वाधिक वाढ होते x²/2k इतक्या वेळाने, म्हणजे जवळपास ४१० सेकंदांनी, आणि ती असते अवघी ०.८ अंश. साठ सेंटीमीटरवर तीच गोष्ट व्हायला दुप्पट नव्हे, चौपट वेळ लागतो. आणखी एक नवल: कमाल वाढीच्या सूत्रात k येतच नाही. तांब्याच्या जागी लोखंड घेऊन तुकडा तितकाच तापवला, तरी तिथे तेवढेच ०.८ अंश मिळतील. मात्र त्यासाठी अर्ध्या तासाहून अधिक थांबावे लागेल.

सूत्राचा एक विक्षिप्तपणाही आहे. ज्योत काढताक्षणी कितीही दूरचे तापमान थोडे तरी वाढते, असे ते सांगते. पण एका सेकंदाने तीस सेंटीमीटरवरची वाढ दशांश चिन्हानंतर ऐंशीहून अधिक शून्ये देऊन लिहावी लागते. कुठलाही तापमापक ती टिपणार नाही. खरी अडचण येते घड्याळ उलटे फिरवताना. मग विरणाऱ्या लाटा फुगू लागतात, आखूड लाटा सर्वांत जोरात, आणि मोजमापातली नगण्य चूकही काही क्षणांत उत्तराचा चुथडा करते. म्हणूनच बऱ्याच वेळानंतरच्या तापमानावरून सुरुवातीचा नेमका आकार शोधता येत नाही.

प्रयोगशाळेतला दांडा अर्थातच कुठेतरी संपतो. दोन मीटरचा दांडा मधोमध तापवला तर पहिली काही मिनिटे तो अनंतच भासतो, कारण उष्णता टोकांपर्यंत पोचलेलीच नसते. पुढे काय बिघडले हे ओळखायला मध्यभागातल्या वाढीला वेळाच्या वर्गमुळाने गुणत राहावे. सुरुवातीचे काही क्षण सोडले तर हा गुणाकार स्थिर राहायला हवा. तो घटू लागला तर गुंडाळीतून उष्णता झिरपते आहे. वाढू लागला तर बंद टोकांवरून ती परत फिरते आहे.