सकाळचं ऊन आणि गारठलेली बॅटरी

जानेवारीत लेहमध्ये रात्री पारा शून्याखाली १०-१५ अंश उतरतो. सौर पॅनेल गच्चीवर आणि लिथियम बॅटरी खालच्या थंड खोलीत असेल, तर रात्रभर दिवे बिनबोभाट चालतात. धोका सकाळी असतो. लख्ख ऊन पडतं, गार पॅनेल जोमानं वीज देऊ लागतात आणि ती सगळी गोठणबिंदूखालच्या बॅटरीत शिरते.

सेलच्या माहितीपत्रकात बहुधा दोन मर्यादा असतात: वीज काढायला उणे २० अंशांपर्यंत मुभा, भरायला मात्र शून्याच्या वरच.

चार्जिंगच्या वेळी लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. थंडीत त्यांची आत सरकण्याची गती मंदावते, चार्जर मात्र मागून ढकलतच राहतो. मग लोकलच्या दारात व्हावी तशी कोंडी होते: आत जागा असूनही आयन पृष्ठभागावरच अडकतात आणि तिथेच धातूचा लेप बनून साचतात. त्यातला काही भाग पुढे विरघळतो. उरलेला इलेक्ट्रोलाइटशी अभिक्रिया करून कायमचा वाया जातो. लेपाला सुईसारखे काटे फुटून ते मधला पडदा भेदून गेले, तर सेल आतूनच शॉर्ट होतो.

त्या दिवशी काहीच दिसत नाही, हीच यातली खोच. काही महिन्यांनी बॅकअप घटतो, किंवा भरून ठेवलेली बॅटरी आपोआप उतरते. थंडीत फोन बंद पडतो, तो उबेत पुन्हा सुरू होतो. ही झीज मात्र उन्हाळ्यातही भरून येत नाही.

उपाय फार खर्चिक नाही. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची बॅटरी साधारण १२ किलोची असते. तिला उणे १० वरून ५ अंशांवर आणायला सुमारे ५० वॉट-तास ऊर्जा पुरते, म्हणजे तिच्या क्षमतेच्या जेमतेम चार टक्के. पेटीला थर्मोकोलचं अस्तर असेल, तर ५० वॉटचा हीटिंग पॅड तास-दीड तासात हे काम करतो. नुसतं अस्तर उष्णता निर्माण करत नाही, थंडी लांबवतं एवढंच. पॅनेलची पहिली वीज पॅडला आणि नंतर बॅटरीला, असा क्रम हवा.

बीएमएसमध्ये कमी तापमानाला चार्जिंग तोडण्याची सोय आहे का, हे विकत घेतानाच विचारावं. स्वस्त बीएमएसमध्ये ती अनेकदा नसते. सेन्सर सेललाच चिकटलेला हवा, कारण दुपारी खोली उबदार झाली तरी बॅटरीचा गाभा तासन्‌तास गार राहतो. जुन्या लेड-अॅसिडचा चार्ज कंट्रोलर तसाच ठेवला असेल, तर त्यातलं तापमान-कॉम्पेन्सेशन बंद करावं. थंडीत व्होल्टेज वाढवणं लेड-अॅसिडला मानवतं, लिथियमला नाही.

महाराष्ट्रातून हिवाळी ट्रेकला जाणाऱ्यांनी पॉवर बँक रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपावं, आणि सौर चार्जरला जोडण्याआधी ती हाताला गार लागत नाही ना, हे पाहावं.