पंप हवा, पण का?

आमच्या साठ सदनिकांच्या सोसायटीत गेल्या वर्षी सर्वसाधारण सभेपुढे एक अर्ज आला. ‘पाण्याचा पंप जुना झाला असून वारंवार बिघडतो. नवीन पंप घेणे अत्यावश्यक आहे. अंदाजे खर्च ५० हजार. दरवेळी टँकर मागवावे लागतात. मंजुरी मिळावी.’ इतकाच मजकूर होता. समितीला आपल्या अखत्यारीत इतका खर्च करता येत नसल्यानं सभेची संमती हवी होती. पाच मिनिटांत विषय संपेल असं सचिवबाईंना वाटलं होतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी एकच प्रश्न विचारला, “टँकरचं पाणी खालच्याच टाकीत पडतं ना? मग पंप बंद असताना टँकर मागवून काय उपयोग?” टँकर आले होते, पण महापालिकेचं पाणी कमी आलं म्हणून. पंपाचा त्यात काही संबंध नव्हता. हा एक खर्च चुकीचा निघाल्यावर उरलेल्या अर्जावरही कोणाचा विश्वास बसला नाही. विषय पुढच्या सभेवर गेला.

महिन्याभरानं सचिवबाईंनी जे टिपण आणलं ते मला आजही नमुन्यादाखल जपून ठेवावंसं वाटतं. सुरुवातीला त्यात पंपाचं नावच नव्हतं. ‘तळटाकीतून गच्चीवरच्या टाकीत रोज ४० हजार लिटर पाणी चढवावं लागतं. पूर्वी याला दोन तास लागत, आता साडेतीन लागतात. दोनपैकी एक पंप आधीच भंगारात गेल्यामुळे उरलेला बंद पडला की इमारतीला पाणी नाही.’ वेळ वॉचमनच्या वहीतून काढलेली होती. गरज अशी कामाच्या भाषेत लिहिली की ‘जुना झाला’ म्हणजे नेमकं काय, यावर वाद घालायला जागा उरत नाही.

खर्चाच्या बाबतीत त्यांनी तिन्ही विक्रेत्यांना एकच मागणी लिहून दिली: ३५ मीटर उंचीवर ताशी २० हजार लिटर. नुसतं ‘पाच एचपीचा पंप’ म्हटलं असतं, तर प्रत्येकानं वेगळाच पंप दाखवला असता, कारण तितक्याच एचपीचा एखादा पंप कमी उंचीवर भरपूर पाणी देतो आणि आमच्या गच्चीपर्यंत पोचताना दमतो. सगळ्यांत स्वस्त कोटेशनमध्ये व्हॉल्व्ह आणि बसवण्याची मजुरी धरलेलीच नव्हती. ती धरल्यावर ते दुसऱ्या क्रमांकावर गेलं. करासह ४८ हजार, जुन्या पंपाचे ३ हजार वजा, म्हणजे निव्वळ ४५ हजार.

पर्यायांत मोटर पुन्हा वाइंडिंग करण्याचा विचार होता. तो सोडण्याचं कारण पटण्यासारखं होतं. वाइंडिंगनं मोटर सुधारते, पण वेळ वाढला होता तो झिजलेल्या इंपेलरमुळे. इंपेलर बदलून पाहता आला असता, पण आतलं आवरणही झिजलेलं असल्यानं मेकॅनिक पूर्ववत वेळेची हमी द्यायला तयार नव्हता. साडेसात एचपीचा पंप घ्यायचा, तर केबल, स्टार्टर आणि मंजूर वीजभार, सगळंच वाढवावं लागलं असतं.

न घेतल्यास काय, हा भाग त्यांनी सर्वांत प्रामाणिकपणे लिहिला. जुना पंप तासाला ४ युनिट खातो, म्हणजे दिवसाला १४. नवा तासाला साडेचार खाईल, पण दोनच तास चालेल, म्हणजे ९. पाच युनिट, दहा रुपये दरानं, वर्षाला साधारण १८ हजार. गेल्या वर्षीच्या दोन दुरुस्त्या आणि भाड्याचा पंप मिळून आणखी १८ हजार. दोन्ही धरले तर ४५ हजार सव्वा वर्षात वसूल होतात. मात्र खाली त्यांनी लिहिलं होतं: ‘वीज रोजच जाते. दुरुस्ती यंदाही तितकीच निघेल असं नाही. केवळ वीज धरली तर वसुलीला अडीच वर्षं लागतील.’ टँकरचा खर्च वगळला होता आणि का वगळला तेही लिहिलं होतं.

माझ्या मते सभा जिंकली ती या दोन आकड्यांनी. फक्त सव्वा वर्ष लिहिलं असतं, तर काकांनी तो आकडा तिथेच खोडून काढला असता. अडीच वर्षांचा आकडा टिपणातच असल्यावर त्यांना खोडायला काही उरलं नाही.

शेवटची ओळ ठरावासारखी होती: दुरुस्ती निधीतून करासह ४८ हजारांपर्यंत खर्चास मंजुरी, कोटेशनची मुदत महिनाअखेरपर्यंत. सभेला फक्त होय की नाही एवढंच सांगायचं होतं. ठराव काकांनी मांडला.

पंप बसून आता चार महिने झाले. वॉचमनच्या वहीत टाकी भरायची वेळ दोन तास दहा मिनिटं आहे आणि मीटरवर दिवसाला ९ ऐवजी १० युनिट पडतात. पुढच्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत सचिवबाईंनी तोही आकडा घातला आहे.