भिंतीवरचा आकडा खरा कधी मानायचा?

भोसरीत, चाकणमध्ये किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत एखाद्या मशीन शॉपमध्ये गेलात, तर शेडच्या एका भिंतीवर हल्ली मोठा टीव्ही लावलेला दिसतो. पाळीचे टार्गेट किती, काम किती झाले, कोणते मशीन बंद आहे, हे त्यावर दिसत असते. ही पद्धत टीव्हीपेक्षा बरीच जुनी आहे. जपानच्या टोयोटा कंपनीत लाईनच्या वर दिव्यांचे फलक असत आणि त्यांना ‘अँडॉन’ म्हणत. कामगाराला अडचण आली की तो दोरी ओढायचा, फलकावर त्याच्या जागेचा दिवा लागायचा आणि टीम लीडर तिकडे धावायचा. तो फलक दोनच गोष्टी सांगत असे: अडचण आहे, आणि ती इथे आहे.

आजच्या फलकावर हवे तेवढे लिहिता येते. त्यामुळे काय लिहायचे, किती मोठे लिहायचे आणि ते किती वेळ खरे मानायचे, हे ठरवणे अवघड झाले आहे. उदाहरणासाठी सहा सीएनसी मशीनांची एक लाईन घेऊ.

पहिली पाळी सकाळी ७ ते दुपारी साडेतीन, म्हणजे ५१० मिनिटांची. त्यातून जेवणाचा अर्धा तास आणि चहाच्या दोन सुट्ट्या प्रत्येकी पंधरा मिनिटांच्या वजा केल्या की कामाची ४५० मिनिटे उरतात. पाळीचे टार्गेट ३६० नग असेल, तर दर ७५ सेकंदांनी एक नग लाईनवरून उतरायला हवा. या ७५ सेकंदांना कारखान्यात टॅक्ट टाइम म्हणतात.

आता पावणेअकरा वाजले आहेत. नुसते ‘१५२ नग झाले’ असे फलकावर लिहिले, तर ते बरे की वाईट हे ऑपरेटरला मनात हिशेब केल्याशिवाय कळणार नाही. तो हिशेब फलकाने करायचा असतो. सातपासून २२५ मिनिटे गेली, त्यातली पंधरा चहाची. उरलेल्या २१० मिनिटांत १६८ नग व्हायला हवे होते. म्हणजे लाईन १६ नगांनी मागे आहे, आणि १६ नग म्हणजे २० मिनिटे. फलकावर सर्वांत मोठा दिसायला हवा तो हा ‘१६ मागे’. १५२ आणि १६८ हे त्याच्या खाली, लहान आकारात.

या हिशेबात सुट्ट्या धरायला विसरले, तर फलक अन्याय करतो. जेवणाच्या अर्ध्या तासात अपेक्षित आकडा २४ नगांनी पुढे सरकतो आणि माणसे डबा संपवून परत येतात ती लाल फलकासमोर. असे दोन-चार दिवस झाले की फलकाकडे कोणी बघत नाही.

अक्षर किती मोठे?

हा प्रश्न आवडीनिवडीचा नाही, मोजमापाचा आहे. डोळ्यांच्या तपासणीत ‘६/६’ म्हणजे चांगली नजर. सहा मीटरवरून सुमारे ९ मिलिमीटर उंचीचे अक्षर ओळखता येणे. पण ती वाचण्याची शेवटची मर्यादा झाली. खुर्चीत बसून, डोळे रोखून, एकेक अक्षर ओळखताना ती चालते. हातात नग असताना, मान वळवून क्षणभर बघणाऱ्या माणसाला अक्षर त्याच्या चौपट तरी मोठे लागते. याचा सोपा नियम असा: सर्वांत लांब उभ्या असलेल्या माणसाचे अंतर घ्या आणि त्याला १७० ने भागा.

आपल्या लाईनवरचे शेवटचे मशीन फलकापासून १५ मीटरवर आहे. म्हणजे अक्षर सुमारे ९ सेंटिमीटर उंच हवे. ५५ इंची टीव्हीच्या पडद्याची उंची साधारण ६८ सेंटिमीटर असते. ओळींमधली मोकळी जागा धरली, तर ९ सेंटिमीटरच्या एका ओळीला १३ सेंटिमीटर लागतात. मुख्य आकडा एका नजरेत कळावा म्हणून २० सेंटिमीटरचा केला, तर तो मोकळ्या जागेसह २५ सेंटिमीटर घेतो. मग खाली तीन ओळी मावतात. चौथी मावत नाही.

फलकावर काय ठेवायचे आणि काय काढायचे, यावर मीटिंगमध्ये तासभर चर्चा होते. खरे तर तो निर्णय त्या १५ मीटरांनी आधीच दिलेला असतो. वर ‘१६ मागे’. दुसऱ्या ओळीत झालेले आणि अपेक्षित नग. तिसऱ्या ओळीत ‘मशीन ४ बंद, ११ मिनिटे’. चौथ्या ओळीत ही माहिती किती वाजताची आहे ते. आलेख, टक्केवारी, गेल्या आठवड्याची तुलना हे सगळे ऑफिसातल्या संगणकावर ठेवावे.

जागा पुरत नाही म्हणून काही ठिकाणी पाच पाने आळीपाळीने दाखवतात. प्रत्येक पान २० सेकंद टिकत असेल, तर हवे ते पान पुन्हा येईपर्यंत ऑपरेटरला ८० सेकंद थांबावे लागू शकते. त्याच्याकडे दोन सेकंद असतात. तेव्हा एक फलक, एक पान.

मराठी फलक करताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. देवनागरी शब्दाला वर-खाली मात्रा, रफार, उकार असतात आणि जोडाक्षरांतल्या रेषा लांबून एकमेकींत मिसळतात. म्हणून शब्द थोडेच ठेवावेत, ठसठशीत टाइप वापरावा आणि ओळींत अंतर जास्त सोडावे. लांबून देवनागरी १ आणि ९ यांची गल्लत होते, शिवाय मशीनच्या पॅनेलवर आंतरराष्ट्रीय अंक असतात. फलकावर शब्द मराठी आणि अंक पॅनेलवरचेच ठेवले, तर वाचणाऱ्याला सोपे जाते.

रंग कशासाठी?

सगळे ठीक असताना फलकावर रंगच नसावा. फिकट करड्या पार्श्वभूमीवर काळे अंक पुरेसे आहेत. पत्र्यामधल्या पारदर्शक शीट्समधून दुपारी ऊन येते, तेव्हा काळी चकचकीत पार्श्वभूमी आरशासारखी होते आणि अंकांऐवजी शेडचे छप्पर दिसते. करडी पार्श्वभूमी त्या वेळीही वाचता येते.

रंग लागावा तो कोणीतरी काही करायला हवे तेव्हाच. पिवळा म्हणजे लक्ष द्या, लाल म्हणजे आत्ता या. सगळे नीट चालू आहे म्हणून मशीनमागे एक हिरवा ठिपका लावला, तर लाल ठिपका त्या गर्दीत शोधावा लागतो. शिवाय काही पुरुषांना लाल आणि हिरवा यांतला फरक जन्मतःच नीट दिसत नाही. म्हणून रंगाबरोबर शब्दही बदलला पाहिजे, ‘मागे’ किंवा ‘बंद’. पिवळी अक्षरे फिकट पडद्यावर दिसत नाहीत. पट्टी पिवळी करून तिच्यावर काळी अक्षरे लिहावीत.

लाल रंग कधी लागायचा आणि कधी जायचा, याचे आकडे वेगवेगळे ठेवावे लागतात. आठ नग मागे पडल्यावर लाल लागतो आणि सात झाले की जातो, असे ठरवले, तर नग उतरेल तसा पडदा लाल-करडा होत राहील. त्यापेक्षा आठला, म्हणजे दहा मिनिटे मागे पडल्यावर लाल लावावा आणि चारच्या खाली आल्यावरच काढावा.

स्वतःहून ताजा होणारा फलक

आता फलकाच्या मुख्य प्रश्नाकडे येऊ. फलकाला कोणी हात लावत नाही. तो स्वतः नवी माहिती आणतो. टीव्हीमागे एक लहान संगणक असतो आणि त्यावर ब्राउझर पूर्ण पडदाभर चालू असतो. सर्वांत साधा उपाय म्हणजे पानात ही एक ओळ लिहिणे, म्हणजे ते दर १५ सेकंदांनी पुन्हा उघडते:

```
<meta http-equiv="refresh" content="15">
```

७५ सेकंदांच्या टॅक्टला १५ सेकंद भरपूर झाले. पण त्या क्षणी नेटवर्क तुटलेले असेल, तर फलकाच्या जागी ब्राउझरची चूक सांगणारे पान येते आणि पुढे फलक स्वतःहून परत उघडेलच असे नाही. म्हणून जाणकार मंडळी पान तसेच ठेवून फक्त आकडे मागवतात. यात मात्र मोठा धोका आहे. नवे आकडे आले नाहीत तर जुने तसेच राहतात, स्पष्ट, मोठे आणि खोटे. कोरा पडदा दिसला की मेंटेनन्सला फोन जातो. गोठलेला आकडा दिसला तर त्यावर विश्वास ठेवून निर्णय घेतले जातात.

म्हणून चौथ्या ओळीतली वेळ ही मोजणी आली त्या क्षणाची हवी, टीव्हीच्या घड्याळाची नव्हे. टीव्हीचे घड्याळ माहिती बंद पडली तरी चालतच राहते. माहिती एक मिनिटापेक्षा जुनी झाली की पिवळी पट्टी यावी: ‘माहिती जुनी’. पाच मिनिटे झाली की आकडे काढून त्या जागी आडव्या रेघा दाखवाव्यात.

तरीही एक फट उरते. मशीन खरेच बंद असेल तर मोजणी वाढत नाही, आणि सेन्सरची वायर तुटली तरीही वाढत नाही. फलकाला दोन्ही सारखेच दिसते. त्यासाठी दोन सोयी लागतात. एक, मशीनच्या पीएलसीकडून दर सेकंदाला एक खूण यावी, नग उतरो वा न उतरो. ती थांबली की पीएलसीशी संपर्क तुटला. दोन, मशीनची सायकल पूर्ण झाल्याचा संकेत वेगळा घ्यावा. सायकली पूर्ण होत आहेत आणि नग मात्र मोजले जात नाहीत, असे दिसले की सेन्सर किंवा त्याची वायर बघावी. अशा वेळी फलकावर ‘बंद’ न लिहिता ‘संपर्क नाही’ किंवा ‘मोजणी तपासा’ लिहायला हवे. दोन्हींकडे धावणारी माणसे वेगळी असतात.

राहिला खुद्द ब्राउझर. तोच गोठला तर पट्टीही बदलणार नाही. त्यासाठी कोपऱ्यात सेकंद मोजणारा अंक ठेवावा. तो थांबलेला दिसला की पडदा मेला हे ऑपरेटरलाही कळते. शिवाय रोज पहाटे, पाळी सुरू होण्याआधी, संगणक आपोआप पुन्हा सुरू करावा.

हे सगळे चालते की नाही हे तपासायला अर्धा तास पुरतो. सर्व्हर बंद करा, मग नेटवर्कची केबल काढा, मग सेन्सरची वायर काढा, आणि प्रत्येक वेळी घड्याळ लावून बघा की फलक किती वेळाने कबूल करतो. जो कबूल करत नाही तो भिंतीवर लावू नये.

एवढे करूनही फलक फक्त उतरलेले नग मोजतो. तपासणीत नंतर बाद होणारे नग त्या १५२ मध्येच असतात. आणि लाल दिसला की मदत न येता बोलणी बसत असतील, तर सेन्सरसमोर हात हलवून नग वाढवणे कोणालाही जमते. म्हणून लाल लागल्यावर कोणी, किती मिनिटांत, कोणत्या मशीनपाशी पोहोचायचे, हे फलक लावण्याआधी कागदावर लिहून ठेवावे. तो कागद नसेल, तर भिंतीवरचा लाल रंग कोणाच्याच कामाचा नाही.